जबाबात ‘चुकून गेलं’ असं लिहिलंय, आता पुढं काय?

डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. दोन वेळा थोडक्यात राहिला. मागच्या महिन्यात त्यानं घरातलं फवारणीचं औषध घेतलं. जवळच्या खासगी दवाखान्यानं ‘पोलीस केस आहे’ म्हणून हात लावला नाही. सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं वाचला. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा चुलत्यांनी सांगितलं की फवारताना चुकून तोंडात गेलं. कार्डावरही तसंच लिहून आलं. आता घरी आहे, पण कुणाशी बोलत नाही. मानसोपचारवाल्या डॉक्टरला दाखवू म्हटलं तर चुलते म्हणतात, खरं बाहेर आलं की तीनशे नऊची केस होईल आणि भरती गेली. वर असंही म्हणतात की धाक आहे तेच बरं, नाहीतर पोरं रोज असंच करतील. खरंच केस होते का? होत नसेल तर का होत नाही?

— एक बहीण, परभणी जिल्हा

ताई, तीनशे नऊ कलम आता राहिलेलंच नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जीव देण्याचा प्रयत्न केला म्हणून एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड सांगणारं ते जुनं कलम नव्या संहितेत घेतलेलं नाही. तुमच्या भावानं मागच्या महिन्यात जे केलं, त्याला गुन्हा म्हणणारं कलमच पुस्तकात नाही. त्यामुळं एफआयआर नाही, आरोपपत्र नाही, तारखा नाहीत. भरतीत चारित्र्य पडताळणीच्या वेळी ‘तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का’ या प्रश्नापुढं त्यानं ‘नाही’ लिहिलं, तर ते खरंच असेल.

मग पोलीस का आले? तुमच्या चुलत्यांचा सगळा घोळ इथंच झालाय, आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही. विषबाधेचा रुग्ण कॅज्युअल्टीत आला की डॉक्टर त्याची एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, म्हणून नोंद करतात आणि पोलिसांना कळवतात. मारामारी, भाजणं, अपघात, सगळ्यांनाच हे लागू असतं. यामागचा हेतू एवढाच की कुणी दुसऱ्यानं पाजलं असेल, मारहाण झाली असेल, तर ते दडून राहू नये. एमएलसी म्हणजे गुन्हा नव्हे, ती दवाखान्याची नोंद आहे. पोलीस येऊन विचारतात की काय झालं, कसं झालं, कुणाविरुद्ध तक्रार आहे का. जबाब लिहून घेतात, त्यांच्या डायरीत नोंद होते. कुणाविरुद्ध तक्रार नसेल आणि माणूस वाचला असेल, तर सहसा विषय तिथंच थांबतो.

त्या खासगी दवाखान्यानं सांगितलेलं कारण तर मुळातच टिकत नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं आहे की सरकारी असो वा खासगी, डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा. पोलिसांची कागदपत्रं नंतर. सोय नसेल तर पुढं पाठवता येतं, पण जमेल तेवढे प्राथमिक उपचार करून. ‘पोलीस केस’ म्हणून दारातूनच परत पाठवणं हे नियमात कुठंच बसत नाही.

२०२४ च्या आधीही चित्र चुलते समजतात तसं नव्हतं. संसदेनं २०१७ मध्ये मानसिक आरोग्य सेवा कायदा केला आणि तो २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ मध्ये दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की ज्यानं जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याच्यावर तीनशे नऊखाली खटला चालवायचा नाही. ताण नव्हता असं कुणाचं म्हणणं असेल तर ते त्यानं सिद्ध करायचं. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. अशा माणसाची काळजी घेणं, उपचार करणं, त्याला पुन्हा उभं करणं आणि परत तसं घडू नये हे पाहणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं त्याच कलमात लिहिलंय. म्हणजे तुम्ही जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलात तर उपकार मागायला जात नाही.

आणखी एक बारकावा तुमच्या कामाचा आहे. कायदा ‘ताण’ म्हणतो, ‘मानसिक आजार’ म्हणत नाही. भावाला नैराश्य आहे की नाही हे डॉक्टर तपासून सांगतील, पण नुसत्या प्रयत्नावरून त्याच्यावर आजाराचा शिक्का बसत नाही. तरीही जुनं कलम पुस्तकात राहिल्यामुळं २०१८ नंतरही ठिकठिकाणी त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले. गावात ‘अमक्यावर केस झाली होती’ असं जे ऐकू येतं ते खोटंच असेल असं नाही. ते त्या काळातलं असेल.

दोन कलमं मात्र नव्या न्याय संहितेत आहेत, ती सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी अर्धवट वाचून तुम्हाला घाबरवेल. एक कलम २२६. सरकारी अधिकाऱ्यानं एखादं काम करावं किंवा करू नये म्हणून त्याच्यावर दबाव आणायला जीव देण्याचा प्रयत्न केला, तर तो आजही गुन्हा आहे. आपल्याकडं कलेक्टर कचेरीसमोर आत्मदहनाचे इशारे दिले जातात, त्यांना हे कलम लागू शकतं. तुमच्या भावाचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यानं जे केलं ते घरात, कुणावर दबाव आणायला नाही. दुसरं कलम १०८, आत्महत्येला प्रवृत्त करण्याचं. ते आत्महत्या करणाऱ्याला नव्हे, त्याला त्या टोकाला ढकलणाऱ्याला लागतं. इथं एक सूचना देतो. बांधाचा वाद असलेल्या भावकीतल्या माणसाचं नाव अशा जबाबात घुसडण्याचा मोह घरच्यांना होतो. तुमच्या घरी तो झाला असेल असं म्हणत नाही. पण झाला तर आवरा, कारण त्या दिवसापासून सगळं घर तालुक्याच्या कोर्टात अडकतं आणि पोराकडं बघायला कुणालाच वेळ उरत नाही.

आता चुलत्यांच्या धाकाबद्दल. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. चांगले शिकलेले लोकही असंच बोलतात, आणि १८६० मध्ये इंग्रजांनी हे कलम घातलं तेव्हा त्यांचाही समज याहून फार वेगळा नसावा. पण धाक चालायला एक गोष्ट लागते: समोरच्यानं उद्याचा विचार करायला हवा. जो त्या क्षणी उद्या नकोच म्हणतोय, त्याच्यासमोर वर्षभराच्या कैदेला काय वजन असणार? आणि ही शिक्षा होते कुणाला? जो वाचला त्यालाच. म्हणजे धाक ज्याला थांबवायला हवा होता त्याला थांबवत नाही, आणि जो कसाबसा माघारी आला त्याला मात्र गाठतो. मी ज्यांच्याशी दवाखान्यात बोललो त्यांतल्या कितीतरी जणांनी हा निर्णय भांडण झाल्यावर, निकाल लागल्यावर थोड्याच वेळात घेतलेला होता. तिथं कलमाचा विचार मनात यायला जागाच नव्हती.

कोर्टातही हे बोललं गेलंय, आणि सुरुवातीच्या महत्त्वाच्या निकालांतला एक आपल्याच हायकोर्टातला आहे. मारुती श्रीपती दुबळ हे मुंबई पोलिसातले शिपाई. रस्ता अपघातात डोक्याला मार लागला आणि त्यानंतर त्यांना मानसिक आजार जडला. बायकोसाठी भाजीच्या गाड्याचा परवाना हवा होता, त्यासाठी ते महापालिकेत गेले, आयुक्तांची भेट झाली नाही, आणि तिथंच त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. लोकांनी अडवलं, आणि मग त्यांच्यावर तीनशे नऊची केस झाली. १९८६ मध्ये मुंबई हायकोर्टानं, न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं, ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. अशा माणसाला दवाखान्याची गरज आहे, तुरुंगाची नाही, हा त्या निकालाचा गाभा होता.

पुढं १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी कलम रद्द केलं, आणि १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ते परत उभं केलं. मरणाचा हक्क घटनेत नाही, असं कोर्ट म्हणालं. ते मान्य करूनही शिक्षा शहाणपणाची आहे का हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर शेवटी संसदेनं दिलं. दुबळांची हकीकत मला अजूनही अस्वस्थ करते, कारण आज तेच घडलं तर मघाशी सांगितलेलं कलम २२६ पुढं करता येईल. म्हणजे ज्या माणसामुळं आपल्याकडं हा विचार पुढं आला, नेमका तसाच माणूस नव्या कायद्यातही अडकू शकतो. माझ्या मते तिथं अजून काम बाकी आहे.

कलम काढलं की पोरं रोज तेच करतील, या भीतीला बाहेरचं एक उत्तर आहे. इंग्लंडनं स्वतःचा तसा कायदा १९६१ मध्ये रद्द केला आणि आपल्याकडं मात्र तो मागं राहिला. श्रीलंकेनं १९९८ मध्ये काढला. तिथं त्या काळात शेतीच्या औषधांमुळं होणाऱ्या आत्महत्यांचं प्रमाण फार मोठं होतं. कायदा काढल्यावर ते वाढलं नाही. पुढच्या वर्षांत उलट बरंच खाली आलं. हे कलम काढल्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही. मुख्य कारण असं की सर्वांत घातक औषधांवर तिथल्या सरकारनं टप्प्याटप्प्यानं बंदी घातली. पण धाक गेला म्हणून पूर आला, असं काही झालं नाही.

धाकानं नुकसान काय होतं ते तुमच्या घरातच दिसतंय. चुलत्यांनी पोराला वाचवायलाच ते वाक्य सांगितलं. पण कार्डावर ‘फवारणी करताना अपघाताने’ असं आलं की पुढचा सगळा रस्ता बदलतो. अपघात असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरला बोलावण्याचं कारणच उरत नाही. वॉर्डातला डॉक्टर नाडी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या बघतो, पोरगं ठीक झालं की घरी पाठवतो, आणि सुट्टीच्या कागदावर लिहितो की फवारताना तोंडाला रुमाल बांधा. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, का केलंस? अजून तसं मनात येतं का? ज्यानं एकदा प्रयत्न केला त्याला पुन्हा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे-महिने सगळ्यांत नाजूक असतात. तुमचा भाऊ नेमका त्या काळात आहे. हे घाबरवायला नाही, घाई करायला सांगतोय.

या काळात काय करता येतं हे नीट तपासलं गेलंय, आणि त्याला फार मोठ्या यंत्रणेचीही गरज लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी, प्रयत्न करून दवाखान्यात आलेल्या १,८६७ लोकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्याला त्यासोबत सुट्टीच्या सुमारास तासभर बसून समजावून सांगितलं: असं का होतं, धोका कधी वाढतो, मदत कुठं मिळते. मग दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन फक्त विचारपूस केली: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, नंतर चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. नेहमीच्या गटात हजारी बावीस जण आत्महत्येनं गेले, दुसऱ्या गटात हजारी दोन. इतर ठिकाणच्या अशा प्रयोगांचे निकाल एवढे ठळक आले नाहीत, तेव्हा ही जादू समजू नका. पण या नऊ भेटींसाठी एक गोष्ट आधी लागते: हा अपघात नव्हता हे दवाखान्याला माहीत असायला हवं. गुन्हा या बाजूचं कलम काढून आरोग्य या बाजूला का नेलं, याचं माझ्या लेखी सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. शिक्षेच्या भीतीनं माणूस लपतो, आणि लपलेल्यावर उपचार करता येत नाहीत.

आता तुमच्यापुरतं. भावाला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन जा. सुट्टीचं कार्ड आणि त्यानं घेतलेल्या औषधाचं नाव सोबत असू द्या, आणि डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की कार्डावर अपघात लिहिलंय, पण तसं नव्हतं. त्यावरून डॉक्टर पोलिसांना बोलावत नाहीत. बोललेलं गोपनीय ठेवणं हे २०१७ च्या कायद्यानंच त्यांच्यावर बंधन आहे. डॉक्टर त्याच्याशी एकट्याशी बोलतील, तेव्हा चुलत्यांनी आणि तुम्हीही बाहेर बसा. झोप, भूक, दारू, कर्ज, एखादं प्रेमप्रकरण, असं काहीही विचारतील. नैराश्य निघालं आणि गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा परिणाम दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून बंद करू नका.

पोलिसांनी परत विचारलं तर खरं सांगा: ‘भरतीत राहिला, मनावर घेतलं, कुणाविरुद्ध तक्रार नाही.’ एवढं पुरे. सही करण्यापूर्वी जबाब वाचून घ्या, कोऱ्या कागदावर सही करू नका. ‘केस मिटवून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर मिटवायला केसच नाही, हे लक्षात ठेवा.

घरातलं औषध हलवा. कपाटात कुलूप लावून नव्हे, सरळ घराबाहेर. शेजारच्या विश्वासू माणसाकडं किंवा ज्याला रोज घरी आणावं लागणार नाही अशा ठिकाणी. हंगाम आहे, फवारणी थांबत नाही हे मला कळतं. तर लागेल तेवढंच, त्या दिवसापुरतं आणा, आणि उरलेलं त्याच दिवशी परत ठेवा. ती लाट काही तासांची असते. त्या तासांत हाताशी काही नसलं तर बरेचदा ती ओसरते.

आणि त्याच्याशी बोला. ‘परत तसं मनात येतं का?’ असं सरळ विचारलं तर डोक्यात नवीन काही भरत नाही. ज्याच्या डोक्यात आहे त्याला उलट बोलायला वाट मिळते. ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘आईचा तरी विचार करायचास’ ही दोन वाक्यं मात्र टाळा. भरतीचा विषय तो काढेल तेव्हा बोला. जमलं तर चुलत्यांना सांगा की महिन्यातून दोनदा त्याला शेतात सोबत न्यायचं काम तुमचं. हे मी उपचार म्हणून सांगत नाही, चुलते नाहीतर नुसते चिंता करत बसतील म्हणून सांगतोय.

ओपीडीचा दिवस येईपर्यंत किंवा रात्री-अपरात्री गरज लागली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि भावाऐवजी तुम्हीही फोन करू शकता. तो ‘आता नकोच’ असं बोलायला लागला, निरवानिरव करायला लागला, आवडीच्या वस्तू वाटायला लागला, तर ओपीडीची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच वेळी कॅज्युअल्टीत न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा.